दुपारी पावणेएकची ६२

साताऱ्यातल्या एका डायबेटिस क्लिनिकमध्ये मी पेशंटच्या मीटर-मोबाईलची जुळवाजुळव बघतो. मीटर फोनला जोडून देणं, ॲप घालून देणं, डॉक्टर मॅडमच्या टेबलावर तीन महिन्यांच्या शुगरचा कागद ठेवणं, एवढंच काम. बहुतेक दिवस ते सहा आकडी पिन वाचण्यात आणि विसरलेले पासवर्ड बदलण्यात जातं. हे प्रकरण ८ ऑगस्ट २०२४ चं आहे. यात मीटर बिघडलेलं नव्हतं, पट्ट्या जुन्या नव्हत्या, बोटाला साखर लागलेली नव्हती. प्रत्येक आकडा बरोबर होता, फक्त तो कोणत्या वेळेचा हे चुकलं होतं.

काकू अडुसष्ट वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. रात्री झोपताना इन्सुलिन घेतात, शिवाय दोन गोळ्या. जानेवारीत ब्लूटूथचं ग्लुकोमीटर घेतलं आणि भाच्याने त्यांच्या फोनवर एक ॲप घालून दिलं. हे ॲप मीटर कंपनीचं नव्हे. शुगर आणि बीपी दोन्ही एका जागी दाखवतं म्हणून भाच्याला आवडलेलं तिसऱ्याच कुणाचं. मे महिन्यात काकू मुलाकडे न्यू जर्सीला, एडिसनला गेल्या आणि जुलैअखेर परतल्या.

त्यांची तपासायची पद्धत शिक्षिकेला शोभेल अशी. एक दिवस सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी. साधारण हाच क्रम, मधूनमधून कमी-जास्त.

जूनच्या मध्यावर मुलाने ॲपमधून कागद काढून मॅडमना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. त्यात सकाळचे, म्हणजे ॲपने 'उपाशीपोटी' असं आपणहून लावलेले आकडे १८० ते २०० च्या घरात होते. सकाळची शुगर रात्रीच्या इन्सुलिनने आवरायची असते, तेव्हा मॅडमनी १० युनिटचं १४ केलं. कागद समोर असता तर मीही तेच म्हटलं असतं.

आता ऑगस्टचा कागद. सकाळचे आकडे जून-जुलै दोन्ही महिने १८०-१९० वरच चिकटलेले. इन्सुलिन वाढवूनही हललेले नाहीत. आणि २९ जुलैला, काकू साताऱ्यात परतल्याच्या दुसऱ्याच सकाळी, एकदम ९८. पुढचे सगळे शंभराच्या आसपास. भाचा खूश होता. "घरची भाकरी पोटात गेली, बघा." काकूंनाही ते पटलं होतं, कारण सुनेच्या हातच्या पास्त्याबद्दल त्यांची मतं ठाम होती.

मला तो आलेख खटकला, पण का ते पटकन सांगता येईना. जेवण सुधारलं की शुगर उतरते, पण उतारावरून उतरते. चार दिवस खाली, एक दिवस वर, पुन्हा खाली. इथे जिन्याची पायरी होती. एका रात्रीत नव्वद अंकांनी खाली, आणि त्याच दिवसापासून संध्याकाळी पावणेपाचच्या आसपासचे सगळे आकडे गायब. तोवर एक दिवसाआड तिथे शंभरच्या आसपासचा एक ठिपका होता. काकू संध्याकाळी पावणेपाचला कधी तपासतात, असं विचारलं.

"मी संध्याकाळी तपासतच नाही. तेव्हा चहा असतो."

मग कागदावरचा एकटा लाल ठिपका दाखवला. ९ जुलै, दुपारी १२:५०, शुगर ६२. "जेवायला उशीर झाला होता का त्या दिवशी?"

"दुपारी कुठलं? मध्यरात्री दरदरून घाम फुटून उठले मी. हात थरथरत होते. तपासलं, साखर खाल्ली, पुन्हा झोपले. सूनबाईंना सकाळी सांगितलं."

रात्रीच्या इन्सुलिनवर असलेल्या माणसाची दुपारची ६२ आणि पहाटेची ६२ या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुपारच्या ६२ चा अर्थ जेवण लांबलं. पहाटेच्या ६२ चा अर्थ डोस जास्त होतोय.

मी मीटर हातात घेऊन चालू केलं. भिंतीवरच्या घड्याळात ११:४० झाले होते. मीटरवर 2:10 AM. तारीख तीच, ८-८. म्हणजे मीटर अजून एडिसनमध्येच होतं. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. मुलाने काकू पोचल्या त्या दिवशी, ३ मे रोजी, बटणं दाबून मीटरचं घड्याळ तिथलं केलं होतं आणि परत आल्यावर ते कुणी बदललं नव्हतं.

मीटरच्या मेमरीत मागे मागे जात ६२ शोधला. मीटर म्हणत होतं 9 जुलै, 3:20 AM. काकूंचं म्हणणं बरोबर, ॲप चूक. एवढ्यावर थांबलो असतो तर निष्कर्ष सोपा होता. मीटरवर विश्वास ठेवा, ॲप फेकून द्या. पण त्याच सकाळी काकूंनी घरून निघण्याआधी ७:०५ ला तपासलं होतं आणि १०१ आली होती. ॲपमध्ये ती ८ ऑगस्ट, ७:०५ अशी अगदी बरोबर. मीटरवर मात्र ७ ऑगस्ट, 9:35 PM. इथे ॲप बरोबर आणि मीटर चूक. एकाच मीटरमधल्या दोन नोंदी, आणि खरं सांगणारा दरवेळी वेगळा.

याचं उत्तर पडद्यावर मिळणार नव्हतं. मीटर ब्लूटूथवरून नेमकं काय पाठवतं ते कच्च्या स्वरूपात बघायला हवं होतं. क्लिनिकच्या फोनवर त्यासाठी nRF Connect नावाचं ॲप आहे. नॉर्डिक सेमीकंडक्टर या चिप बनवणाऱ्या कंपनीचं, फुकट. ब्लूटूथचं कुठलंही उपकरण उघडून त्याच्या आतली खाती ते दाखवतं.

जोडणीतच वीस मिनिटं गेली, आणि त्यातली कारणं रोजचीच आहेत. पहिलं म्हणजे मीटर यादीत दिसेचना. काकूंचा फोन पर्समध्ये होता, त्याचं ब्लूटूथ चालू होतं आणि मीटर जागं झालं की ते ॲप लगेच त्याला पकडत होतं. असं मीटर एका वेळी एकाच फोनशी बोलतं आणि दुसऱ्याला ते बंद असल्यासारखंच वाटतं. काकूंच्या फोनचं ब्लूटूथ बंद केल्यावर ते लगेच दिसलं. दुसरं म्हणजे पिन. मीटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर सहा अंक असतात आणि इथे सात महिन्यांच्या हाताळणीत त्यातला एक ८ की ३ हे कळत नव्हतं. मोबाईलच्या टॉर्चखाली तिरका धरून वाचला. (जुन्या अँड्रॉइडवर, ११ पर्यंत, तिसरीही एक अडचण येते. लोकेशन बंद असेल तर ब्लूटूथचं असं उपकरण शोधताच येत नाही, आणि लोक शहाणपणाने लोकेशनची परवानगी नाकारतात. १२ पासून 'Nearby devices' ही वेगळी परवानगी आली.)

जोडणी फोनच्या सेटिंगमधल्या ब्लूटूथच्या यादीतून करू नये, ॲपच्या आतून करावी. सेटिंगमधून केलेली जोडणी फक्त किल्ली साठवते, नोंदी ओढत नाही. मग लोक "Paired असं येतंय पण आकडे येत नाहीत" म्हणून येतात.

आत गेल्यावर बरीच ग्लुकोमीटरं सारखी दिसतात, कारण त्यांच्यासाठी ब्लूटूथ संस्थेचा ठरलेला साचा आहे. ग्लुकोजची सेवा 0x1808. तिच्या आत दोन खाती आपल्या कामाची. 0x2A18 मधून एकेक नोंद बाहेर येते. 0x2A52 ही खिडकी, जिथे आपण मागणी लिहायची. दोन्हीकडचे बाणाचे चिन्ह दाबून आधी ऐकणं चालू करावं लागतं. ते न करता मागणी लिहिली तर मीटर 0xFD ही चूक परत करतं आणि नवखा माणूस मीटर खराब समजतो.

आधी किती नोंदी आहेत ते विचारलं, मग सगळ्या मागितल्या:

```
लिहिलं : 04 01          किती नोंदी?
उत्तर  : 05 00 B5 00    00B5 = 181
लिहिलं : 01 01          सगळ्या पाठव
शेवट   : 06 00 01 01    झालं, पुरं
```

इथे एक गोष्ट हात थांबवून करायची. 01 01 म्हणजे सगळ्या नोंदी पाठव. 02 01 म्हणजे सगळ्या नोंदी पुसून टाक. मधे विचारणा होत नाही, परत मिळत नाहीत. मी हे आकडे कधी पाठांतरावर टाइप करत नाही. भिंतीवर लावलेल्या कागदावरून बघून, वाचून, मग पाठवतो. शक्य असेल तर पुसायची आज्ञा देता येणारं असं साधन पेशंटच्या हातात देऊच नये.

१८१ नोंदी आल्या. त्यातली काकूंची मध्यरात्र ही अशी:

```
03 8F 00 E8 07 07 09 0C 32 00 C6 FD 3E B0 11
```

पहिला 03 सांगतो की या नोंदीत वेळेचा फरक आहे आणि शुगरचा आकडाही आहे. 8F 00 हा नोंदीचा अनुक्रमांक. दोन बाइटचे आकडे उलटे लिहिलेले असतात, म्हणून 008F, म्हणजे १४३. पुढचे सात बाइट ही मीटरच्या आतल्या घड्याळाची वेळ. 07E8 म्हणजे २०२४, मग महिना ७, तारीख ९, तास 0C म्हणजे १२, मिनिटं 32 म्हणजे ५०. दुपारचे १२:५०, सेकंद शून्य.

आणि मग C6 FD. उलटवून FDC6. हा ऋण आकडा आहे: उणे ५७०. मिनिटांत. साडेनऊ तास.

शेवटी 3E B0, उलटवून B03E. पुढचा B म्हणजे दहाचा उणे पाचवा घात, 03E म्हणजे ६२. किलो प्रतिलिटरमध्ये ०.०००६२, आपल्या ओळखीच्या भाषेत ६२ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर. 11 म्हणजे बोटातलं रक्त.

गुंता इथेच होता. मीटरमध्ये दोन वेळा असतात. एक आतली मूळ वेळ, जी आपण बटणं दाबून बदलली तरी सरकत नाही. दुसरा तिच्यापासूनचा फरक. आपण पडद्यावरचं घड्याळ बदलतो तेव्हा फक्त हा फरक बदलतो. पडद्यावर दिसते ती मूळ वेळ अधिक फरक. असं करण्यामागे चांगला विचार आहे. कुणी घड्याळ मागे नेलं तर नव्या नोंदी जुन्यांच्या आधी जाऊन बसू नयेत, नोंदींचा क्रम शाबूत राहावा. काकूंच्या मीटरची मूळ वेळ भाच्याने जानेवारीत साताऱ्यात लावलेली, म्हणून ती कायम भारताचीच राहिली.

भाच्याने घातलेल्या ॲपने मूळ वेळ वाचली आणि फरक वाचलाच नाही. माणूस घरात बसून असेल तोवर फरक शून्य असतो, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. घड्याळ बदललं त्या दिवसापासून मात्र रात्री सव्वानऊची जेवणानंतरची शुगर दुसऱ्या दिवशी सकाळी ६:४५ ला जाऊन बसू लागली, आणि ॲपने तिला इमानेइतबारे 'उपाशीपोटी' अशी चिठ्ठी लावली. सकाळी ७:१० ची खरी उपाशीपोटीची शुगर दुपारी ४:४० ला गेली. काकूंच्या चहाच्या वेळी दिसणारे ते ठिपके हेच. इन्सुलिन वाढवूनही "सकाळची" शुगर का हलत नव्हती तेही कळलं. ती रात्रीच्या जेवणाची होती, झोपताना घ्यायच्या इन्सुलिनने ती कशी हलणार?

परत आल्यावर गंमत उलटी झाली. काकू साताऱ्यात, मूळ वेळही साताऱ्याची, पण फरक अजून उणे ५७०. आता पडद्यावर दिसणारी वेळ चूक आणि फरक न वाचणारं ॲप चुकून बरोबर. २९ जुलैची पायरी म्हणजे भाकरीचा गुण नव्हता. चुकीचं ॲप ज्या दिवशी योगायोगाने खरं बोलू लागलं तो हा दिवस होता. मीटर कंपनीचं ॲप असतं तर न्यू जर्सीच्या नोंदी नीट दाखवल्या असत्या आणि साताऱ्याच्या शेवटच्या एकोणीस नोंदी चुकवल्या असत्या. घड्याळ परत न लावणं ही चूक माणसाची, आणि ती कुठलंच ॲप ओळखू शकत नाही, कारण रक्ताचा थेंब कुठल्या देशात पडला हे मीटरला माहीत नसतं.

म्हणून दुरुस्ती ॲपवर सोडता येत नव्हती. ती विमानाच्या तिकिटावरून करावी लागली. नोंदींचे अनुक्रमांक इथे उपयोगी पडले, कारण घड्याळाचं काहीही झालं तरी ते एकेकाने वाढतच जातात. काकूंच्या पर्समध्ये बोर्डिंग पास होता. शिक्षिकाच त्या, फेकतात कशाला. १ ते ७४ जाण्याआधीच्या, फरक शून्य, मूळ वेळ जशीच्या तशी. ७५ ते १६१ एडिसनच्या, मूळ वेळेतून साडेनऊ तास वजा. १६२ ही विमानातली. तिथे "सकाळ" म्हणजे कुठली हे काकूंनाही सांगता येईना, ती सोडून दिली. १६३ ते १८१ साताऱ्याच्या, फरक लिहिलेला असला तरी दुर्लक्ष करून मूळ वेळच धरायची.

एवढं करून मॅडमना कागद नव्याने काढून दिला. एडिसनमधली खरी उपाशीपोटीची शुगर १८ जूनपर्यंत, म्हणजे डोस वाढवण्याआधी, ११८ ते १३२. उपाशीपोटी ८० ते १३० मध्ये असावी हे सर्वसाधारण लक्ष्य, म्हणजे तक्रार करण्यासारखं काही नव्हतंच. डोस वाढवल्यानंतर ती ९० ते १०५ वर आली, मधेमधे सत्तरच्या घरात, आणि ९ जुलैच्या पहाटे ६२. जेवणानंतरची मात्र आधीही आणि नंतरही १७५ ते २००.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. काकूंना विचारलं, असा घाम पुन्हा कधी आला का. काकू म्हणाल्या, एक-दोनदा आला, पण तपासलं नाही, बिस्किट खाऊन झोपले. मॅडमनी रात्रीचं इन्सुलिन पुन्हा १० वर आणलं आणि रात्रीच्या जेवणाकडे मोर्चा वळवला. ती चर्चा पास्त्यापासून सुरू झाली आणि आमसुलाच्या साराबरोबर चार वाट्या भात खाण्यापर्यंत आली. त्यात मी नव्हतो.

हे आधी कुणाच्याच लक्षात का आलं नाही, हा प्रश्न मला त्या दिवशी घरी जाताना पडला. उत्तर असं की आम्ही ज्या आकड्यांवरून पडताळणी करतो ते सगळे आकडे या चुकीला आंधळे आहेत. ५ ऑगस्टला काकूंची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, केली होती, ७.१ टक्के. नेहमीच्या सूत्राने (२८.७ गुणिले ७.१, उणे ४६.७) त्याची सरासरी शुगर १५७ च्या आसपास येते. मीटरची सरासरी १४८ होती. छान जुळत होतं, आणि जुळणारच. वेळा कितीही अदलाबदल झाल्या तरी बेरीज तीच राहते. मीटर नीट मोजतंय याचा तो पुरावा होता. कधी मोजलं याबद्दल तो काहीच सांगत नाही. मीटर नीट मोजणं म्हणजे काय तेही सांगून टाकतो. आयएसओ १५१९७ या मानकात शंभरच्या खाली १५ अंक इकडेतिकडे आणि शंभरच्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं, शंभरातल्या पंच्याण्णव वेळा. म्हणजे ६२ ही ५० किंवा ७५ ही असू शकते. पण घाम फुटून उठलेल्या बाईंच्या बाबतीत तो वाद घालायची गरज नव्हती.

एका गोष्टीने हे सगळं टळलं असतं. बऱ्याच मीटरवर तपासल्यावर सफरचंदासारखं चिन्ह येतं आणि जेवणाआधी की नंतर ते एका बटणाने लावता येतं. ते लावलं की नोंदीला 0x2A34 या खात्यातून त्याच अनुक्रमांकाची एक जोडनोंद मिळते, त्यात उपाशीपोटी, जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना असं स्पष्ट असतं. मग ॲपला घड्याळ बघून अंदाज करायची गरजच उरत नाही. काकूंच्या १८१ नोंदींत असं चिन्ह लावलेली एकही नव्हती. त्यांनी कारण दिलं ते योग्यच होतं: कुणी शिकवलंच नाही.

त्यानंतर बाहेरगावी, म्हणजे परदेशी जाऊन आलेल्या प्रत्येक पेशंटचं ॲप मी एकदा तपासतो. बोट टोचायची गरज नसते. मीटरबरोबर कंट्रोल सोल्यूशनची बाटली येते, मीटर नीट आहे का ते बघण्यासाठी. ती नसली तर दुकानात मिळते. मीटरचं घड्याळ मुद्दाम दोन तास पुढे करायचं, पट्टीवर कंट्रोलचा एक थेंब टाकायचा, ॲपमध्ये नोंद ओढायची. ॲपमधली वेळ आणि मीटरच्या पडद्यावरची वेळ एकच आली तर ते फरक वाचतंय. दोन तासांचं अंतर पडलं तर वाचत नाहीये. मग घड्याळ परत जागेवर आणायचं, हे विसरायचं नाही, नाहीतर आपणच नवं प्रकरण तयार करतो. जाता जाता आणखी एक कळतं. कंट्रोलच्या नोंदीत शेवटचा बाइट 11 ऐवजी 4A असतो, म्हणजे हे रक्त नाही असं मीटर स्वतः सांगतं. काही ॲप तेही वाचत नाहीत आणि बाटलीतल्या पाण्याची शुगर पेशंटच्या सरासरीत मिसळतात. अशी नोंद ॲपमधून हाताने काढून टाकावी लागते.

बीपीच्या मशीनला ही युक्ती लागू होत नाही. तिथला साचा वेगळा आहे, 0x1810. त्यात मूळ वेळ आणि फरक असे दोन भाग नाहीत, वेळेचा एकच शिक्का असतो, आणि सहसा मागणी लिहायची खिडकीही नसते. मशीन जोडल्यावर साठलेल्या नोंदी आपणहून एकेक पाठवतं, आणि पुष्कळ मशीन एकदा पोचलेली नोंद पुन्हा पाठवत नाहीत. म्हणजे सून, मुलगा आणि भाचा यांच्यापैकी ज्याचा फोन आधी जोडला गेला त्याच्याकडे नोंदी गेल्या. बीपीच्या बाबतीत कच्चा डेटा बघायला घाई करू नये, आधी मशीनच्या मेमरीतले आकडे वहीत उतरवून घ्यावेत.

काकूंच्या ॲपची बाटलीची परीक्षा आम्ही त्यांच्यासमोरच घेतली. घड्याळ दोन तास पुढे, एक थेंब, नोंद ओढली. मीटरवर 3:25 PM, ॲपमध्ये दुपारचा 1:25. भाच्याने तिथेच ते ॲप काढून कंपनीचं घातलं. मी मीटरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून काकूंच्या हातात दिलं आणि जेवणाच्या चिन्हाचं बटण दाखवलं.

काकूंनी मीटर परत माझ्यासमोर धरलं. "नोव्हेंबरात पुन्हा जायचंय. तिथे गेल्यावर हे घड्याळ लावायचं की नाही, ते या डबीवर मराठीत लिहून दे."

डबीच्या झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिलं: पोचल्यावर घड्याळ लावा, परतल्यावर पुन्हा लावा, दोन्ही तारखा खाली लिहा. खाली दोन रकाने आखून दिले. पहिल्या ओळीत काकूंनी तिथेच, सुवाच्य अक्षरात, ३ मे आणि ८ ऑगस्ट लिहिलं.